आयोनायझेशन एनर्जीचा ग्राफ मधेच खाली का येतो? स्वतः काढून बघा

अकरावीच्या पोरांना विचारलं की नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनची आयोनायझेशन एनर्जी कमी का, तर दहातले नऊ जण एकाच दमात सांगतात, "सर, हाफ फिल्ड स्टेबल असतं". मार्क मिळतात, त्यामुळे पुढे कोणी विचारत नाही. पण स्टेबल म्हणजे काय, का स्टेबल, असं विचारलं की पोरं वर पंख्याकडे बघायला लागतात. म्हणून मी क्लासमध्ये आधी ग्राफ पेपर काढायला लावतो, कारण खरं उत्तर ग्राफमध्येच दिसतं.

पहिलं काम, आकडे मांडा. गॅस अवस्थेतल्या अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागते ती पहिली आयोनायझेशन एनर्जी. दुसऱ्या पिरियडचे आकडे किलोज्यूल पर मोलमध्ये असे आहेत: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१. आडव्या अक्षावर ही आठ नावं, उभ्यावर आकडे, आणि ठिपके पेन्सिलने जोडा. एकूण रेघ वर जाते, कारण प्रत्येक घराला न्यूक्लियसमध्ये एक प्रोटॉन वाढतो आणि नवा इलेक्ट्रॉन त्याच शेलमध्ये बसतो, तो बाकीच्यांना नीट झाकत नाही, म्हणजे ओढ वाढत जाते. फक्त दोन ठिकाणी रेघ खाली येते, बेरिलियमनंतर ९८ ने आणि नायट्रोजननंतर ८८ ने.

आता प्रत्येक ठिपक्याखाली कॉन्फिगरेशन लिहा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: बाहेर जाणारा इलेक्ट्रॉन नेमका कुठला? बेरिलियम `1s² 2s²`, तिथून जातो 2s मधला. बोरॉन `1s² 2s² 2p¹`, तिथून जातो 2p मधला. पहिल्या उताराचं उत्तर इथेच आलं. 2s चा इलेक्ट्रॉन अधूनमधून अगदी न्यूक्लियसपाशी, आतल्या 1s च्याही आत जाऊन येतो, 2p चा मात्र न्यूक्लियसजवळ जवळपास फिरकतच नाही, शिवाय 2s चे दोघं मधे उभे असतात ते वेगळंच. त्यामुळे 2p ची लेव्हल 2s पेक्षा वर असते आणि तिथला इलेक्ट्रॉन काढायला कमी मेहनत लागते. बोरॉनमध्ये प्रोटॉन एक जास्त आहे हे खरं, पण त्याने जेवढं वाढलं त्यापेक्षा लेव्हल बदलल्यामुळे कमी झालं ते जास्त. इथे "पूर्ण भरलेलं 2s स्टेबल" असं लिहायची काही गरज नाही, माझं मत विचाराल तर लिहूच नका.

आता दुसरा उतार, आणि इथे थोडं थांबा. पट्टी घ्या आणि बोरॉन, कार्बन, नायट्रोजन या तीन ठिपक्यांवर ठेवा. बोरॉन ते कार्बन २८५ ची वाढ, कार्बन ते नायट्रोजन ३१६ ची, म्हणजे जवळजवळ सरळ रेघ. ती रेघ तशीच पुढे वाढवा. ऑक्सिजन १७०० च्या वर यायला हवा होता, आलाय १३१४. आता फ्लोरिन आणि निऑन बघा. ऑक्सिजन ते फ्लोरिन ३६७, फ्लोरिन ते निऑन ४०० ची वाढ, म्हणजे हीसुद्धा सरळच रेघ, फक्त आधीच्या रेघेच्या चारशेच्या वर खाली सरकलेली. फ्लोरिन पण तेवढाच खाली आणि निऑन पण.

हे नीट बघा हं. नायट्रोजन हा हाफ फिल्ड म्हणून काही खास स्टेबल असता तर एकटा त्याचा ठिपका रेघेच्या वर उडालेला दिसला असता आणि ऑक्सिजनपासून पुढचे सगळे जुन्या रेघेवर परत आले असते. तसं होत नाही. नायट्रोजन आपल्या रेघेवर गुपचूप बसलाय, आणि त्याच्या पुढचे तिघंच्या तिघं खाली घसरलेत. म्हणजे काहीतरी वेगळं घडलं ते ऑक्सिजनपाशी, आणि नंतर ते तसंच राहिलं.

काय घडलं? 2p च्या तीन ऑर्बिटल. नायट्रोजनपर्यंत एकेकात एकेक इलेक्ट्रॉन, तिघांचा स्पिन सारखा. ऑक्सिजनच्या चौथ्याला रिकामं ऑर्बिटल नाही, तो आधीच बसलेल्या एकाच्या शेजारी उलट्या स्पिनने बसतो. एसटीच्या बाकाचं उदाहरण सगळेच देतात, आधी प्रत्येक जण वेगळं बाक पकडतो आणि मग नाइलाजाने शेजारी, तेवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण त्यात एक गोष्ट सुटते: सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन मुळातच एकमेकांपासून लांब राहतात, त्यामुळे त्यांच्यातलं रिपल्शन कमी असतं. उलट्या स्पिनच्या दोघांना ही सवलत नाही, आणि इथे तर दोघं एकाच ऑर्बिटलमध्ये, म्हणून रिपल्शन जास्त, म्हणून त्याला बाहेर काढणं सोपं. फ्लोरिन आणि निऑनमध्येही बाहेर जाणारा इलेक्ट्रॉन असाच जोडीतला असतो, म्हणून तेही खालच्या रेघेवर.

खात्री करायची तर दुसरी आयोनायझेशन एनर्जी घ्या, म्हणजे एक इलेक्ट्रॉन आधीच गेलेल्या आयनमधून दुसरा काढायचा. बोरॉनचा एक गेला की उरलेल्याचं कॉन्फिगरेशन बेरिलियमसारखं, कार्बनचं बोरॉनसारखं, ऑक्सिजनचं नायट्रोजनसारखं, फ्लोरिनचं ऑक्सिजनसारखं. आपलं कारण बरोबर असेल तर दोन्ही उतार बरोबर एक घर उजवीकडे सरकायला हवेत. आकडे: बोरॉन २४२७, कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, ऑक्सिजन ३३८८, फ्लोरिन ३३७४, निऑन ३९५२. सरकलेत! कार्बन बोरॉनच्या खाली, फ्लोरिन ऑक्सिजनच्या खाली. परीक्षेत "दुसरी" हा शब्द न वाचता पहिलीचंच उत्तर लिहिणारे इथे हमखास पडतात.

आणि एक, हे कारण डोळे झाकून सगळीकडे लावू नका. तिसऱ्या पिरियडला मॅग्नेशियम ७३८ वरून ॲल्युमिनियम ५७८, उतार चांगला मोठा. पण फॉस्फरस १०१२ आणि सल्फर १०००, फक्त १२ चा फरक, कारण 3p ऑर्बिटल मोठी, जोडीतल्या दोघांना जागा जास्त, मग रिपल्शन कमी. पाचव्या पिरियडला तर अँटिमनी ८३४ आणि टेल्युरियम ८६९, म्हणजे उतार गायबच. जोडीचा तोटा तिथेही आहे, पण एका प्रोटॉनने जी वाढ होते ती त्याला गिळून टाकते.