दरड पडली, गाडीत इन्सुलिन आणि रात्रीचे दोन वाजलेत: रीफरवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

आमच्या रीफरच्या, म्हणजे थंड डब्याच्या गाडीच्या लाइनीत नवीन पोरं येतात ती बहुतेक आधी सिमेंट, फळं नाहीतर पार्सलच्या गाडीवर काम केलेली असतात. त्यांना वाटतं औषधाची गाडी म्हणजे हलका माल, बरं काम. माल हलका असतो खरा, पण आंब्याची पेटी उशिरा पोचली तर भाव पडतो आणि इन्सुलिन जास्त वेळ गरम झालं किंवा एकदा जरी गोठलं तरी फेकूनच द्यावं लागतं. म्हणून मागच्या पावसाळ्यातली भिवंडी ते रत्नागिरी अशी एक रात्र सांगतो, त्यात बऱ्याच गोष्टी येतील.

माल होता इन्सुलिन, थोड्या लसी आणि वर काही इंजेक्शनं, सगळा दोन ते आठ डिग्रीतला. गाडी सतरा फुटी, कूलिंग युनिट गाडीच्याच इंजिनावर चालणारं, म्हणजे इंजिन बंद की थंडी बंद. मोठ्या गाड्यांना युनिटचं वेगळं इंजिन आणि वेगळी डिझेल टाकी असते, तुमच्या गाडीला काय आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या कारण पुढचं सगळं गणित त्यावरच आहे.

लोडिंगला मी स्वतः उभा राहतो. हमाल लोकांना डबा छतापर्यंत भरायची घाई असते, पण वरून आणि भिंतींच्या कडेने हवा फिरायला जागा पाहिजे आणि खोकी पॅलेटवर पाहिजेत. युनिटच्या तोंडासमोर, जिथे थंड हवेचा झोत पडतो, तिथे इन्सुलिनची खोकी अजिबात लावू द्यायची नाहीत. तिथे माल गोठतो, आणि गोठून परत सुटलेलं इन्सुलिन दिसायला कधीकधी अगदी चांगलं दिसतं, तोच त्यातला धोका. सेटिंग पाचवर. काही जुने ड्रायव्हर पावसाळ्यात सांगतात की एकवर टाकून ठेव, अडकलास तर थंडी शिल्लक राहील. ऐकू नका.

संध्याकाळी सातला सुटलो, पेणपासून पाऊस धरला तो थांबलाच नाही. वायपर फुल स्पीडला आणि तरी समोरची गाडी फक्त लाल दिव्यावरून कळत होती. माणगावला चहा घेतला तेव्हा क्लीनरने भरतीची वेळ बघितली. कोकणात नवीन असाल तर ही सवय लावून घ्या. महाडला सावित्री आणि चिपळूणला वाशिष्ठी, या दोन्ही नद्यांचं पाणी खाडीतून समुद्राला जातं आणि भरती असली की ते उतरायचं नाव घेत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पावसाच्या जोडीला भरतीपण होती. आम्ही निघालो त्या रात्री भरती पहाटेची होती, म्हणजे मधे थोडा वेळ होता.

महाड पार झालं, कशेडीच्या बोगद्यातून खाली आलो आणि खेडला पंपावर डिझेल भरायला थांबलो. पंपावरचे काका म्हणाले, "परशुराम घाटात माती आलीय खाली, लोट्याच्या पुढे सोडत नाहीत." मी क्लीनरला म्हटलं आधी टाकी बघ. टाकीत भरून नव्वद लिटर झालं.

आता इथे नवीन माणूस काय करतो ते सांगतो. तो जातो आणि रांगेत शेवटच्या गाडीच्या मागे उभा राहतो, घाटातच, डोंगर कापलेला आहे त्याच्या खाली. तिथे पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही, आणि वरून अजून माती यायची असेल तर ती तुमच्याच डोक्यावर येते. डोंगरातून अचानक गढूळ पाणी यायला लागलं, बारीक दगड घरंगळत रस्त्यावर येत राहिले, विजेचा खांब नाहीतर झाड वाकडं दिसलं, तर समजायचं की अजून संपलेलं नाही. मी लोट्याला एमआयडीसीच्या बाजूला सपाटीवर, उंचावर गाडी लावली.

मग गणित. रत्नागिरी तिथून शंभरच्या आसपास, माझी गाडी लिटरला पाच देते, म्हणजे वीस लिटर बाजूला ठेवायचं. उरलं सत्तर. उभ्या गाडीत इंजिन आणि युनिट मिळून तासाला दोनेक लिटर धरलं तर पस्तीस तास निघतात. दुसरा रस्ता म्हणजे माणगावला मागे जायचं, ताम्हिणीतून पुणं, तिथून कराड आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. पाचशे किलोमीटरच्या वर, शंभर लिटरपेक्षा जास्त डिझेल, आणि वाटेत अजून दोन घाट, तेपण त्याच पावसात. अशा वेळी थांबणं स्वस्तपण आणि सेफपण. दरड दोन दिवस उचलणार नाही असं पोलिसांनी सांगितलं असतं तर मी वळलो असतो.

सुपरवायझरला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, माल मागवणारे लोक फार ओरडतायत, बघा जमलं तर काढा पुढे." मी म्हटलं साहेब, रस्ता बंद आहे, माल चार पॉइंट आठला आहे, फोटो पाठवतो. ओरडण्याला फोटो हेच उत्तर. ई-वे बिलाची तारीखपण तेव्हाच बघायला सांगितली. साध्या मालगाडीला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि अडकून संपलंच तर मुदत संपायच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास एवढ्यातच वाढवता येते. ते ऑफिसने करायचं, आठवण तुम्ही द्यायची.

तीनच्या सुमारास क्लीनरने मला हलवलं, आकडा नऊवर गेला होता, पोरगा घाबरून दार उघडून बघायला निघालेला. ते डीफ्रॉस्ट होतं. कॉइलवर बर्फ जमतो तो युनिट स्वतःच वितळवतं, तेवढा वेळ समोरचा आकडा चढतो आणि परत उतरतो. तो आकडा हवेचा असतो, मालाचा नाही, मालाचं खरं टेंपरेचर खोक्यांमधे ठेवलेला डेटा लॉगर सांगतो. अर्ध्या तासात उतरला नाही तर मात्र भानगड आहे, बेल्ट बघा, पंखा बघा. दार उघडायचं नाही, पावसाळी दमट हवा आत गेली की कॉइलवर अजून बर्फ. इंजिन चालू ठेवून केबिनमधे झोपणार असाल तर काच बोटभर खाली ठेवा आणि सायलेन्सरचं तोंड भिंतीला किंवा पाण्याला टेकलेलं नाही ना ते बघा, धूर आत येऊन माणसं गेलेली आहेत.

साडेसहाला जेसीबीने एक लेन मोकळी केली. मी इनव्हॉइस आणि एलआर प्लास्टिकमधे घालून हवालदारसाहेबांकडे चालत गेलो, गाडी रांगेतून पुढे न घुसवता. त्यांनी कागद वाचला, ॲम्ब्युलन्स सोडली आणि तिच्यामागून आम्हाला. सगळीकडे असं सोडतील असं नाही, पण हॉर्न मारणाऱ्याला कोणीच सोडत नाही. घाट दुसऱ्या गिअरला उतरलो, ओल्या मातीवर ब्रेक दाबला की मागचं चाक बाजूला जातं. बहादूरशेख नाक्याला रस्त्यावर पाणी होतं पण वाहतं नव्हतं, समोरच्या एसटीच्या चाकावरून अंदाज घेतला आणि निघालो. वाहतं असतं तर घोटाभर असलं तरी थांबलो असतो, कारण खालचा रस्ता आहे की गेला ते दिसत नाही.

रत्नागिरीत फार्मासिस्ट मॅडमनी माल उतरवायच्या आधी लॉगर लॅपटॉपला लावला. रात्रभराचा ग्राफ, सगळ्यात वर सहा पॉइंट एक. त्यांनी पोचपावतीवर वेळ आणि टेंपरेचर लिहून सही केली. ही सही नुसती "माल मिळाला" अशी घेऊ नका, आकडा लिहून घ्या, नाहीतर त्यांच्या फ्रीजमधे काही बिघडलं तरी डेबिट नोट ट्रान्सपोर्टवर येते आणि ट्रान्सपोर्टवाला ती तुमच्या पगारातून कापतो.