नावाने झाड लावताय? आधी गेल्या वर्षीची झाडं बघा

मावशीच्या पंचाहत्तरीला मी तिच्या नावाने जांभळाचं झाड लावायला एका संस्थेकडे पैसे भरले होते. छान छापलेलं प्रमाणपत्र आलं, जुलैमध्ये खानापूरकडच्या माळावर जाऊन रोपाचा फोटो काढला, मावशीला दिला. मार्चमध्ये तीच म्हणाली, "चल रे, माझं झाड बघून येऊ." गेलो. नावाची पाटी जागेवर होती आणि तिच्याखाली एक वाळकी काडी. मावशीने ती नुसती धरली तर हातात आली. मुळांभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती, पिशवी न काढताच रोप खड्ड्यात ठेवलेलं. बेळगावच्या शहापूरला घरी पोचेपर्यंत मावशी एक शब्द बोलली नाही. त्या वयात आपल्या नावाचं झाड मेलं हे माणसाला लागतं.

आता यंदा तिघांनी मला विचारलंय की असं झाड भेट द्यायचं तर काय काय बघायचं. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, आणि मी तेव्हा हीच केली नाही: पैसे देण्याआधी त्यांनी गेल्या वर्षी लावलेली झाडं प्रत्यक्ष जाऊन बघा. यंदाची नाही, गेल्या वर्षीची. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे काठी रोवली तरी हिरवी दिसते, त्यामुळे पावसातल्या फोटोवरून काहीच कळत नाही. एक उन्हाळा काढलेलं रोपच खरं सांगतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये जा. एक ओळ धरा आणि सलग चाळीस खड्डे मोजा. संस्थेचा माणूस दाखवेल तीच झाडं बघू नका. पानं झडलेली असली तर नखाने थोडी साल खरवडा, आत हिरवं आणि ओलसर असेल तर रोप जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर नाही. बुंधाही बघा. वर्षभर जमिनीत असलेल्या रोपाचा बुंधा खाली तपकिरी, लाकडासारखा झालेला असतो. तिथे कोवळं हिरवं खोड आणि भोवती भुसभुशीत माती दिसली तर ते तुम्ही येणार म्हणून कालपरवा लावलेलं आहे.

मामांच्या साठीसाठी गेल्या वर्षी मी हुक्केरीकडे एका शेतकऱ्याच्या बांधावर असंच मोजलं. चाळीसातली एकतीस जिवंत होती, आणि मेलेली नऊ कुठली हे त्याने न विचारता सांगितलं. तिथे पैसे दिले. "गेल्या वर्षीची जागा लांब आहे", "तिकडे आता रस्ता नाही", असं कोणी म्हणालं की पाकीट खिशातच ठेवा.

दुसरं, पाण्याचा हिशोब विचारा. रोपाला आठवड्याला साधारण 15 लिटर धरा. डिसेंबर ते मे म्हणजे 26 आठवडे, एका रोपाला 390 लिटर. त्यांनी 500 झाडं लावली असतील तर जवळजवळ दोन लाख लिटर, म्हणजे 5000 लिटरचे 39 टँकर. आता त्यांना सरळ विचारा, हे पाणी कुठून आणलंत? विहीर, बोअर की टँकर? घालायला कोण जायचं? खरं काम करणारा माणूस या प्रश्नाने वैतागत नाही, उलट टँकरवाल्याचं नाव आणि डिझेलचा खर्च सांगत बसतो. शंभर रुपयांत झाड आणि तीन वर्षं देखभाल असं कोणी म्हणत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. आपल्या कर्नाटक वनखात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजनासुद्धा शेतकऱ्याला पैसे देते ते रोप जगलेलं बघून, तीन वर्षांत हप्त्याने. तुम्हीही तसंच ठरवून घ्या: अर्धे लावताना, उरलेले पहिला उन्हाळा संपल्यावर.

संस्थेची नोंदणी, 80 जी ची पावती, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, हे बघून घ्या. पण त्यावरून एवढंच कळतं की संस्था कागदावर आहे. मला फसवणाऱ्यांकडे सगळे कागद होते. गेल्या वर्षीची झाडं मात्र मी मागितलीच नव्हती.

तिसरं, जमीन कोणाची. सर्व्हे नंबर मागा आणि सरकारच्या जमीन नोंदींच्या भूमी साइटवर, landrecords.karnataka.gov.in वर, पहाणी म्हणजे जमिनीचा उतारा काढून बघा. उतारा कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर शेजाऱ्याला दाखवा, पण बघा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी आहे का ते विचारा, कारण तिथे गुरं येणारच. रस्त्याकडेची जागा नकोच, रुंदीकरण आलं की पहिलं आपलं झाड जातं. आणि उघड्या माळावर लावणार असतील तर वणव्याचं काय, हे विचारा. फेब्रुवारीत गवत पेटतं, म्हणून त्याआधी रोपांभोवती गवत कापून जाळपट्टा काढावा लागतो. आमच्या माळावर तो काढलेलाच नव्हता.

ठिकाणाचे आकडे प्रमाणपत्रावर हवेत, नुसता झाडाचा क्रमांक नको. आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं ठिकाण असेल तर अक्षांश 15 किंवा 16 ने आणि रेखांश 74 किंवा 75 ने सुरू होतो. ते मोबाइलच्या नकाशात टाका. घराच्या छपरावर किंवा तळ्यात खूण आली तर समजून घ्या.

झाड कुठलं, हे जागेवर ठरतं. खानापूर, बेळगावच्या लाल मातीत आणि पावसात जांभूळ, फणस, हिरडा. अथणी, रायबागकडे कडुलिंब, चिंच, करंज. अथणीला फणस लावून देतो म्हणणाऱ्याला झाडांतलं कळत नाही. रोप 14 बाय 20 इंची पिशवीतलं, छातीपर्यंत उंच, घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण ते शेळ्यांच्या तोंडापासून लवकर वर जातं.

लावायच्या दिवशी तिथे हजर राहा. खड्डा दोन फुटी, मे महिन्यातच खणलेला, तळाला शेणखत आणि वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावरच लावायचं. पिशवी ब्लेडने कापून काढली का, हे डोळ्यांनी बघा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच खड्ड्यात ठेवा. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, काठीचा आधार.

नंतरचं थोडक्यात. पाणी घालणाऱ्या माणसाचा फोन नंबर घ्या, ऑफिसचा नाही. डिसेंबर, मार्च, मे, असे तीन फोटो मागा, पाटीसह आणि तारखेसह. मेलं तर पुढच्या जूनमध्ये दुसरं लावून तसं कळवतील, हे लिहून घ्या, गुपचूप बदललेलं नको. गेल्या वर्षीची झाडं बघायला जाल तेव्हा ज्यांच्या नावाने लावायचं त्यांना बरोबर नेऊ नका, आधी एकटे जा. आणि पाटी खोडाला तारेने बांधू देऊ नका, खोड जाड होतं तशी तार सालीत रुतते. बाजूच्या काठीला बांधा.