ग्राफिक्स ड्रायव्हर: नवा टाकायचा की जुनाच ठेवायचा? या चुका टाळा

‘नवा ड्रायव्हर आला आहे’ असं एनव्हिडियाच्या ॲपमध्ये दिसलं की काहीजण वाचतही नाहीत, थेट बटण दाबतात. काहीजणांचा बाणा अगदी उलटा असतो: गेम चाललाय ना, मग हात लावायचा नाही. या दोन्ही सवयी किती महागात पडू शकतात हे २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत चांगलंच दिसलं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

३० जानेवारी २०२५ ला आरटीएक्स ५०९० आणि ५०८० ही कार्डं विक्रीला आली आणि त्याच दिवशी त्यांच्यासाठीचा 572.16 हा ड्रायव्हर आला. पुढचे काही आठवडे तक्रारींचा पाऊस पडत होता. गेम चालू असताना स्क्रीन काळी पडते, पीसी अडकतो, नाहीतर गेमच बंद होतो. गंमत म्हणजे या तक्रारी फक्त नवं कार्ड घेणाऱ्यांच्या नव्हत्या. ३० आणि ४० मालिकेची जुनी, सुरळीत चालणारी कार्डं असलेलेही त्यात होते. त्यांच्यासाठी चालणारा उतारा एकच होता: डिसेंबर २०२४ मधल्या 566.36 वर परत जा. काही गेम बनवणाऱ्यांनीसुद्धा आपल्या खेळाडूंना हाच सल्ला दिला. एप्रिलच्या मध्यावर 576.02 आला, त्यात दुरुस्त्यांची लांबच लांब यादी होती. पण तोही निर्दोष नव्हता. पीसी स्लीपमधून उठला की तापमान दाखवणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये आकडा अडकून बसायचा. त्यासाठी लगेच 576.15 हा हॉटफिक्स काढावा लागला.

आता या प्रकरणात कोणी काय करायला हवं होतं?

चूक पहिली: आकडा न वाचता तारीख बघणं

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे आकडे शाखांनुसार चालतात. 566.36 हा आर५६५ शाखेचा, 572.16 हा आर५७० शाखेचा. एकाच शाखेतला पुढचा ड्रायव्हर म्हणजे बहुतेक वेळा दुरुस्त्या आणि एकदोन नव्या गेमची सोय. शाखा बदलली की मात्र आतलं बरंच काही बदलतं, आणि नव्या मालिकेच्या कार्डांचा आधार त्यातच आलेला असेल तर आणखीच. त्यामुळे धोका ‘नवा ड्रायव्हर’ या गोष्टीत तितका नसतो, तो नव्या शाखेच्या पहिल्या एकदोन ड्रायव्हरमध्ये जास्त असतो.

माझा हिशोब साधा आहे. तुमचं कार्ड जुनं आहे, खेळत असलेले गेम नीट चालतात आणि आलेला ड्रायव्हर नव्या शाखेचा पहिलाच आहे, तर थांबा. त्याच शाखेत दोनतीन ड्रायव्हर येऊन जाऊ द्या. दोन परिस्थितींत मात्र थांबण्यात अर्थ नसतो. एक, कार्डच नवं असेल तर. आरटीएक्स ५०७० वाल्याला ‘566.36 टाक’ म्हणणं निरर्थक आहे, कारण त्या ड्रायव्हरला हे कार्ड ओळखताच येत नाही. दोन, कालच आलेला मोठा गेम तुम्हाला आजच खेळायचा असेल आणि ड्रायव्हरच्या नोंदींत त्या गेमचं नाव असेल तर.

सध्या कोणता ड्रायव्हर आहे हे बघायला ही आज्ञा टर्मिनलमध्ये द्या:

```
nvidia-smi --query-gpu=name,driver_version --format=csv
```

डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघाल तर आकडा वेगळाच दिसेल, उदाहरणार्थ 32.0.15.6636. गोंधळू नका. शेवटचे पाच अंक घ्या, 56636, आणि तिसऱ्या अंकानंतर टिंब द्या. झाला 566.36.

डाउनलोडच्या पानावर सोबत ड्रायव्हरच्या नोंदींची पीडीएफ असते, तीही उघडा. सगळी वाचायची गरज नाही. Fixed आणि Open Issues एवढे दोन भाग पाच मिनिटांत होतात. तुमचा गेम किंवा तुमची तक्रार Fixed मध्ये असेल तर अपडेट करायला कारण आहे. तुमच्या गेमचं नाव Open Issues मध्ये असेल तर तिथेच थांबायचं.

स्टुडिओ ड्रायव्हर गेमसाठी ‘जास्त स्थिर’ असतो हा समज बराच पसरलाय. त्याची चाचणी व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी अशा कामांच्या सॉफ्टवेअरवर भर देऊन होते. कित्येकदा त्याचा आकडाही गेमसाठीच्या गेम रेडी ड्रायव्हरचाच असतो.

एएमडीकडे Recommended आणि Optional अशी पाटीच लावलेली असते. Optional म्हणजे काय, याचं उदाहरण ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळालं. 23.10.1 या ड्रायव्हरमध्ये काउंटर-स्ट्राइक २ साठी अँटी-लॅग प्लस हे प्रतिसादातला उशीर कमी करणारं फीचर सुरू करता येऊ लागलं. ते गेमच्या इंजिनच्या कामात ढवळाढवळ करत होतं, त्यामुळे गेम बनवणाऱ्या व्हॉल्वच्या चीट-विरोधी यंत्रणेनं खेळाडूंना बंदी घातली. व्हॉल्वनं जाहीरपणे ‘ते चालू करू नका’ सांगितलं आणि एएमडीनं तो ड्रायव्हर मागे घेतला. ऑनलाइन स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांनी आलेलं नवं फीचर पहिल्याच दिवशी चालू करू नये, ते एवढ्यासाठी.

चूक दुसरी: पहिल्या अर्ध्या तासात निकाल लावणं

‘नवा ड्रायव्हर टाकला आणि गेम अडखळायला लागला’ ही तक्रार बऱ्याचदा ड्रायव्हरची नसतेच. गेममधले शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तुमच्या कार्डासाठी कंपाइल होऊन डिस्कवर साठवलेले असतात. ड्रायव्हर बदलला की हा साठा सहसा निकामी होतो आणि शेडर पुन्हा तयार करावे लागतात. काही गेम सुरुवातीलाच पट्टी दाखवून हे काम उरकतात. काही खेळता खेळता करतात, आणि नवं ठिकाण किंवा नवा स्फोट पहिल्यांदा दिसला की तिथे झटका बसतो.

ओळखायचं कसं? त्याच जागेवरून दुसऱ्यांदा जा. झटका पहिल्या फेरीत होता आणि दुसरीत नाही, तर तो साठा तयार होण्याचा होता. तिसऱ्या फेरीतही तिथेच बसतोय, तर ड्रायव्हरवर संशय घ्यायला हरकत नाही. जुन्या ड्रायव्हरवर परत गेलात तरी पहिल्या फेरीचे हे झटके येणारच, हेही लक्षात ठेवा. नाहीतर माणूस दोन ड्रायव्हरच्या मध्ये येरझाऱ्या घालत राहतो.

चूक तिसरी: प्रत्येक क्रॅश ड्रायव्हरच्या नावावर खपवणं

विंडोजमध्ये Event Viewer उघडा, Windows Logs मध्ये System बघा. क्रॅशच्या वेळी Display या स्रोताची 4101 क्रमांकाची नोंद दिसली, तर अर्थ असा की कार्डानं ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही आणि विंडोजनं ड्रायव्हर पुन्हा सुरू केला. ही मुदत मुळात दोन सेकंदांची असते. एनव्हिडियाच्या कार्डावर nvlddmkm या नावाच्या नोंदीही सोबत दिसू शकतात.

पण ही नोंद ‘काय झालं’ एवढंच सांगते, ‘का’ ते नाही. कार्ड ओव्हरक्लॉक केलंय, व्होल्टेज जास्तच उतरवलंय, पॉवरची केबल नीट बसलेली नाही, तरी हीच नोंद येते. म्हणून ड्रायव्हर बदलण्याआधी कार्डाची सगळी सेटिंग मूळ जागी आणा आणि पुन्हा खेळून बघा.

एक फसवा प्रकार तर मुद्दाम सांगायला हवा. अनरियल इंजिनच्या गेममध्ये Out of video memory असा संदेश येऊन गेम बंद पडायचा, आणि लोक ड्रायव्हरवर ड्रायव्हर बदलायचे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांवर हे व्हायचं आणि दोष प्रोसेसरच्या अस्थिरतेचा निघाला. २०२४ मध्ये इंटेलनं त्यासाठी मायक्रोकोड दिला, जो मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतो. असा प्रोसेसर असेल तर आधी बायोस बघा.

चूक चौथी: अर्धवट मागे जाणं

एक उदाहरण घेऊ. आरटीएक्स ३०६० असलेला पीसी, 566.36 वर महिनोन्महिने ठीक. 572.16 टाकल्यावर रोज संध्याकाळी एकदा तरी काळी स्क्रीन, 4101 ची नोंद हजर, ओव्हरक्लॉक काहीच नाही, आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत दुसरं काही बदललेलं नाही. इथे मागे जाणं योग्य आहे.

सगळ्यात सोपी वाट डिव्हाइस मॅनेजरमधल्या Roll Back Driver या बटणाची. पण ते बरेचदा फिकट, बंद दिसतं, कारण आधीचा ड्रायव्हर जपून ठेवलेलाच नसतो. मग 566.36 चा इन्स्टॉलर अधिकृत साइटवरून उतरवून घ्या. तो चालवताना Custom निवडून Perform a clean installation वर खूण करा. यात प्रत्येक गेमसाठी तुम्ही केलेली सेटिंग पुसली जातात, तेव्हा आधी त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एवढ्यानं भागलं नाही तर डीडीयू हे साफसफाईचं साधन वापरा, पण आधी नाही. क्रम असा: जुना इन्स्टॉलर डिस्कवर ठेवा, इंटरनेट तोडा, शिफ्ट दाबून Restart करत सेफ मोडमध्ये जा, डीडीयूमध्ये Clean and restart निवडा, विंडोज परत आल्यावर इन्स्टॉलर चालवा आणि मगच इंटरनेट जोडा. इंटरनेट तोडायचं कारण विंडोज अपडेट आहे. कार्ड ड्रायव्हरशिवाय दिसलं की ते स्वतःच्या मनानं एखादा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं, आणि तुम्हाला वाटतं आपला 566.36 च चालू आहे. वरची आज्ञा पुन्हा देऊन खात्री करा. लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर सेफ मोडमध्ये जाताना रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधी हाताशी ठेवा.

चालणाऱ्या ड्रायव्हरचा इन्स्टॉलर पुसू नका. पाऊणएक जीबी जागा जाईल, जाऊ द्या.

चूक पाचवी: मागे जाऊन तिथेच मुक्काम ठोकणं

वरच्या पीसीवर 566.36 पुन्हा नीट चालू लागला, तरी तो काही कायमचा पत्ता नव्हे. ड्रायव्हरमधल्या सुरक्षेच्या भेगाही नव्या ड्रायव्हरमधूनच बुजवल्या जातात, आणि नवे गेम उघडताना ‘ड्रायव्हर जुना आहे’ म्हणून अडवू लागतात. पुढच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या Fixed यादीत ‘ब्लॅक स्क्रीन’ शोधत राहा. ती दुरुस्ती आली आणि त्यानंतरचा एखादा ड्रायव्हर शांतपणे पार पडला की पुढे जा. या पीसीसाठी तो क्षण एप्रिलअखेरीस, 576 च्या सुमारास आला असता.

जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० वाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. एनव्हिडियानं या पिढीच्या कार्डांसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आणि ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे अपडेट देण्याचं जाहीर केलं. त्यांच्यापुढे ‘नवा की जुना’ अशी निवड फारशी उरलेली नाही. ५८० शाखेतला नीट चालणारा ड्रायव्हर ठेवावा आणि सुरक्षेचे अपडेट येतील तसे टाकावेत.