डिट्टोची खूण आणि प्रश्न 31

एमपीएससीची तयारी नव्याने सुरू करणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. सराव प्रश्न विकत घ्या, क्लासचे सोडवा, पण थोडे स्वतःही काढा. प्रश्न काढायला बसलं की चार पर्याय लिहावे लागतात, आणि तीन चुकीचे पर्याय पटण्यासारखे लिहायचे तर विषय नीट कळलेला असावा लागतो. यातला धोका मात्र कुणी सांगत नाही. प्रश्न तुमचा, उत्तरतालिकाही तुमचीच. ती चुकली तर तपासणारं कुणी नाही, आणि दर उजळणीला तुम्ही तेच चुकीचं उत्तर आणखी पक्कं करत जाता.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत प्राजक्ता म्हणून एक मुलगी येते, कळव्याहून. संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करते. राज्यव्यवस्थेवर तिने स्वतःची 50 प्रश्नांची सराव प्रश्नपत्रिका काढली होती आणि वहीच्या मागच्या पानावर उत्तरतालिका लिहून पान दुमडून ठेवलं होतं. उजळणीत पेपर पुन्हा सोडवताना एका संध्याकाळी ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“ताई, हे बघ ना जरा. माझी आन्सर-की माझ्याशीच भांडतेय.”

प्रश्न 14 असा होता: संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची तरतूद कोणत्या कलमात आहे, आणि ती कुणाला लागू आहे? तालिकेत उत्तर होतं: कलम 108, फक्त संसदेला. प्रश्न 31 मात्र असा:

साधारण विधेयकावर विधानसभा आणि विधानपरिषद यांच्यात मतभेद झाल्यास काय होते?
(अ) विधेयक रद्द होते
(ब) राज्यपाल संयुक्त बैठक बोलावतात
(क) विधानसभेने दुसऱ्यांदा मंजूर केल्यावर ठरावीक मुदतीनंतर ते मंजूर झाल्याचे मानले जाते
(ड) राष्ट्रपतींकडे निर्णयासाठी पाठवले जाते

तालिकेत (ब). तिने त्या दिवशी खूण केली होती (क) वर, आणि तालिका बघून स्वतःला चूक दिली होती. पुढे जाणार तेवढ्यात 14 व्या प्रश्नाचं उत्तर तिच्या डोळ्यासमोर आलं. ‘फक्त संसदेला’ आणि ‘राज्यपाल बोलावतात’ ही दोन्ही उत्तरं एकाच तालिकेत नांदू शकत नाहीत.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने लगेच उपाय सुचवला, ग्रुपवर पोल टाक. तिने टाकलाही. बहुमत (ब) ला. मला नवल वाटलं नाही, कारण (ब) ऐकायला अगदी बरोबर वाटतं. केंद्रात जे आहे तेच राज्यात लहान प्रमाणात असणार, हे आपण सगळेच मनात धरून चालतो. पण घटनेतलं उत्तर मतदानाने ठरत नाही, आणि पोलमध्ये मत देणाऱ्या बहुतेकांनी त्याच नोट्स वाचलेल्या असतात.

मग आम्ही मोबाइलवर राज्यघटनेची मराठी प्रत उघडली. इथे उत्तर द्यायचं काम कलम 197 करतं. विधानसभेने साधारण विधेयक मंजूर करून परिषदेकडे पाठवलं आणि परिषदेने ते फेटाळलं, किंवा परिषदेपुढे ठेवल्यापासून तीन महिने उलटूनही मंजूर केलं नाही, किंवा विधानसभेला मान्य नसलेल्या सुधारणा घातल्या, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. त्याच अधिवेशनात किंवा नंतरच्या. दुसऱ्या फेरीत परिषदेने पुन्हा फेटाळलं, किंवा एक महिना उलटला, किंवा पुन्हा न पटणाऱ्या सुधारणा आल्या, तर विधानसभेने दुसऱ्यांदा ज्या स्वरूपात मंजूर केलं त्या स्वरूपात ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याचं मानलं जातं. संयुक्त बैठकीचा उल्लेखच नाही. म्हणजे (क) बरोबर. मुलगी बरोबर होती, तालिका चूक होती.

सहसा लोक इथे थांबतात. (ब) खोडायचं, (क) लिहायचं, पुढे चालू. प्राजक्ता थांबली नाही, म्हणून तर हे लिहितेय. हे (ब) आलं कुठून, हे तिला हवं होतं. प्रश्न 31 तिने ज्या नोट्सवरून काढला ते पान तिने उघडलं. दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे संसद, उजवीकडे राज्य विधिमंडळ. राष्ट्रपतींसमोर राज्यपाल, लोकसभेसमोर विधानसभा, राज्यसभेसमोर विधानपरिषद. डावीकडे ‘मतभेद: संयुक्त बैठक’ आणि उजवीकडे, निळ्या पेनाने, डिट्टोची खूण.

ती खूण तिने घाईत मारली होती. त्या पानावर वरून खालपर्यंत अशा डिट्टो होत्या. एक खोटी निघाली म्हणजे बाकीच्यांवरचाही भरवसा गेला. आम्ही एकेक ओळ कलमाशी लावून बघायला बसलो, आणि खरं शिकणं तिथे झालं.

काही डिट्टो खऱ्या निघाल्या. धन विधेयक वरच्या सभागृहाने 14 दिवसांत परत करायचं, हे दोन्हीकडे सारखं. सदस्य व्हायला किमान वय 30, सारखं. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त, तेही सारखं.

गणसंख्येच्या ओळीत डावीकडे ‘एक दशांश’ आणि उजवीकडे डिट्टो. कलम 189 बघितलं तर राज्यासाठी 10 सदस्य किंवा एक दशांश, यापैकी जे जास्त असेल ते. आता आपल्याकडचा हिशोब करा. विधानसभेत 288 सदस्य, एक दशांश 28.8, म्हणजे 29 लागतात. इथे डिट्टो लावली तरी उत्तर चुकत नाही. विधानपरिषदेत 78, एक दशांश 7.8, म्हणजे 8. पण 10 हा आकडा त्याहून मोठा, म्हणून गणसंख्या 10. डिट्टोवर विसंबून 8 लिहिलं असतं तर गेलं. आणि प्रश्न काढणारा नेमका परिषदेबद्दलच विचारतो, कारण फरक तिथेच दिसतो.

अध्यक्षस्थानाच्या ओळीतही तसंच. राज्यसभेचे सभापती उपराष्ट्रपती असतात, पदसिद्ध. परिषद मात्र आपला सभापती आपल्याच सदस्यांतून निवडते. उपराज्यपाल वगैरे काही तिथे येत नाही. राष्ट्रपती निवडणुकीत राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य मत देतात, विधानपरिषदेचे आमदार देत नाहीत. तिच्या तक्त्यात इथेही डिट्टो होती.

सगळ्यात फसवी ओळ नामनिर्देशितांची. राज्यसभेत 12, आणि आपल्या विधानपरिषदेतही राज्यपाल नामनिर्देशित 12. आकडा जुळतोय, डिट्टो खरी वाटते. पण राज्यसभेसाठी 12 हा आकडा घटनेतच लिहिलेला आहे. परिषदेसाठी कलम 171 कुठलाही आकडा देत नाही. स्थानिक संस्था, पदवीधर, शिक्षक आणि विधानसभेचे सदस्य यांच्या वाट्याच्या जागा भरल्यावर उरतील त्या राज्यपालांच्या. शिवाय क्षेत्रंही वेगळी. राज्यसभेत साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा. परिषदेत यात सहकार चळवळही आहे. ‘पुढीलपैकी कोणते क्षेत्र राज्यसभेला लागू नाही’ असा प्रश्न आला की डिट्टोवाला गोंधळणार.

एका ओळीवर आमचा वाद झाला, तोही सांगते. ‘विधानपरिषद साधारण विधेयक जास्तीत जास्त किती काळ रोखू शकते?’ सगळ्या नोट्समध्ये चार महिने. प्राजक्ता म्हणाली, “ताई, कलमात चार कुठेच नाही. तीन आहे आणि एक आहे.” बरोबर आहे. मधे विधानसभा विधेयक दुसऱ्यांदा मंजूर करायला जो वेळ घेईल तो या चारात धरलेला नाही. परिषदेच्या हातात असलेला वेळ तेवढा चार महिने. पर्यायांत चार महिने असेल तर निःशंकपणे तेच निवडायचं, त्यात हुशारी दाखवायची नाही. पण विधान ‘विधेयक विधानसभेत मांडल्यापासून चार महिन्यांत कायदा होतोच’ असं आलं, तर ते चूक. शिवाय केंद्रात सहा महिन्यांची मुदत दुसऱ्या सभागृहाला विधेयक मिळाल्यापासून मोजतात, राज्यात तीन महिने परिषदेपुढे ठेवल्यापासून. वाक्यातल्या एका शब्दावर विधान बदलतं.

आणखी एक कोपरा तिनेच काढला. कलम 197 सुरू होतं ते विधानसभेने मंजूर केलेल्या विधेयकापासून. विधेयक आधी परिषदेत मांडलं, तिथे मंजूर झालं आणि विधानसभेने फेटाळलं तर? मग ही दुसरी फेरी नाही, विधेयक तिथेच संपलं. म्हणजे प्रश्न 31 ची भाषाच अपुरी होती. ‘मतभेद झाल्यास’ म्हणताना सुरुवात कुठल्या सभागृहात झाली हे लिहिलेलं नाही, आणि त्या अर्थाने बघितलं तर (अ) लाही जागा उरते. खऱ्या पेपरवर अशी संदिग्धता असली की आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती येतात, आणि अंतिम तालिकेत कधी कधी प्रश्न रद्दही होतो. घरच्या पेपरवर हरकत घेणारे आपणच.

तिने तालिकेत (ब) खोडरबराने पुसलं नाही. एक आडवी रेघ मारली, शेजारी (क) आणि ‘197’ लिहिलं. पुसलं असतं तर महिन्याभराने चुकीचं नेमकं काय होतं हे कळलंच नसतं, आणि डोक्यात बसलेलं (ब) परत वर आलं असतं. प्रश्नही नव्याने लिहिला: ‘विधानसभेत सुरू झालेल्या व परिषदेने दोनदा फेटाळलेल्या साधारण विधेयकाचे काय होते?’ मग तालिकेतल्या 50 पैकी ज्या उत्तरांपुढे कलम वाचून खात्री केली होती त्यांना कलमाचा क्रमांक दिला, आणि जी फक्त नोट्सवरून आली होती त्यांना लाल टिंब. लाल टिंबं बरीच जास्त निघाली. तिला ते आवडलं नाही, पण निदान आता कुठे बघायचं ते ठरलं.

संयुक्त पूर्वमध्ये 100 प्रश्नांना 100 गुण, आणि चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश वजा. बरोबर येणारा प्रश्न चुकीच्या तालिकेमुळे चुकला की नुकसान सव्वा गुणाचं, आणि ते करून घेताना तुम्हाला आत्मविश्वास पूर्ण असतो, म्हणून प्रश्न सोडून देण्याचाही विचार येत नाही. अंदाजाने केलेल्या चुकीपेक्षा ही महाग.

नव्या लोकांनी तुलनात्मक तक्ते जरूर करावेत, पण उजवा रकाना डावा झाकून भरा. डाव्याकडे बघत भरला की हात आपोआप डिट्टो मारतो. प्राजक्ताने सध्या पंचायत राजचं पान काढलंय. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असे तीन रकाने आहेत, आणि मधल्या रकान्यात काय काय भरलंय ते आम्ही अजून बघतोय.