‘फ्रेशर चालेल’ लिहिलंय, पण खरंच चालेल का? सायबर सुरक्षेत अर्ज करताना या चुका टाळा

सॉकमधल्या, म्हणजे सुरक्षेच्या अलर्टवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या टीममधल्या, जागांसाठी मी मुलाखती घेते. नाकारलेल्या अर्जांतले बरेचसे अर्ज चुकीच्या जागेसाठी आलेले असतात. त्यात दोष एकट्या अर्जदाराचा नसतो, कारण जाहिरातीच फसव्या असतात.

पहिली चूक म्हणजे पदाच्या नावावर आणि अनुभवाच्या आकड्यावर विसंबणं. नमुन्यादाखल अशी एक जाहिरात घ्या: ‘ज्युनियर सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट, अनुभव 0 ते 2 वर्षं. अलर्ट तपासणे, सीमचे नियम लिहिणे व सुधारणे, इन्सिडेंट रिस्पॉन्सचे नेतृत्व, ऑडिटरशी समन्वय. स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी हवी. सीआयएसएसपी असल्यास प्राधान्य.’

ही जाहिरात शेवटाकडून वाचा. सीआयएसएसपी हे सुरक्षेतलं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र. ते पूर्ण मिळवायला परीक्षेसोबत सुरक्षेतल्या कामाचा 5 वर्षांचा पगारी अनुभव लागतो. पदवी किंवा मान्य प्रमाणपत्र असेल तर त्यातलं फार तर 1 वर्ष माफ होतं. अनुभवाशिवाय परीक्षा पास झालात, तर ‘असोसिएट’ म्हणवून घेता येतं, इतकंच. मग 0 ते 2 वर्षं अनुभवाच्या माणसाकडे ते असणार कसं? एक तर जाहिरात लिहिणाऱ्याने कुठूनतरी यादी उचलून चिकटवलीय, नाहीतर त्यांना अनुभवी माणूस नवख्याच्या पगारात हवाय.

यातलं खरं काय, ते क्रियापदं सांगतात. ‘तपासणे’, ‘नोंदवणे’, ‘वर पाठवणे’ हे नवख्याचं काम. सीम म्हणजे सगळीकडचे लॉग गोळा करून नियमांप्रमाणे अलर्ट देणारी यंत्रणा. तिचा नियम सुधारायचा तर कोणता अलर्ट निरुपद्रवी आहे हे आधी कळावं लागतं, आणि ते शेकडो अलर्ट हाताळल्यावरच कळतं. ‘नेतृत्व’ म्हणजे चालू हल्ल्यात सर्व्हर नेटवर्कमधून तोडायचा की नाही, हे ठरवणं. शिवाय ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द आला की माझे कान टवकारतात. बहुतेकदा त्याचा अर्थ टीममध्ये दुसरं कोणी नाही असा निघतो.

खरोखर नवख्यासाठी असलेली जागा जरा रूक्ष दिसते. तिथे एल1, म्हणजे पहिली पातळी, असं लिहिलेलं असतं, शिफ्ट सांगितलेल्या असतात आणि अलर्ट पुढे जास्त अनुभवी एल2कडे जाणार हे स्पष्ट असतं. रात्रपाळी पाहून लोक पळतात, पण ‘हे शिकवून घेतील’ याची माझ्या मते तीच चांगली खूण. शिफ्टमध्ये माणसं बदलत राहतात, त्यामुळे तिथे पायऱ्या लिहून ठेवलेल्या असाव्याच लागतात.

शंका असेल तर मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: माझ्या शिफ्टमध्ये आणखी कोण असेल, मी अलर्ट कोणाकडे पाठवायचा, आणि पहिल्या महिन्यात मी कोणाचं काम बघून शिकणार? ‘तुम्हालाच बघावं लागेल’ असं उत्तर आलं, तर कागदावर काही का लिहिलेलं असेना, ती जागा नवख्याची नाही.

दुसरी चूक याच्या उलट. ‘1 ते 2 वर्षं अनुभव’ एवढं वाचून चांगली जागा सोडून देणं. कामांची यादी तपासण्या-नोंदवण्याचीच असेल, तर अर्ज करा. तिथे मी काय विचारते ते सांगते. विंडोजच्या लॉगमध्ये एकाच आयपीवरून 4625चे, म्हणजे फसलेल्या लॉगिनचे, चाळीस इव्हेंट दिसतात आणि लगेच त्याच आयपीवरून एक 4624 येतो, म्हणजे लॉगिन यशस्वी. काय कराल? ‘आयपी ब्लॉक करेन’ म्हणणारे पुष्कळ. मला ऐकायचं असतं ते वेगळं: खातं कोणाचं, लॉगऑन टाइप कोणता (10 म्हणजे रिमोट डेस्कटॉप), आयपी आतला की बाहेरचा, त्यानंतर त्या खात्याने काय केलं, आणि हे सगळं तिकिटात लिहून तातडीने एल2ला. आतल्या आयपीवरून असेल तर पासवर्ड बदलल्यावर जुनाच पासवर्ड वापरत राहिलेली एखादी सर्व्हिसही निघू शकते, असं कोणी म्हणालं की मी अनुभवाचा रकाना पाहतच नाही. घरच्या दोन व्हर्च्युअल मशीनवर हा प्रकार स्वतः घडवून लॉग बघता येतो.

तिसरी चूक: ‘सिक्युरिटी’ शब्द नसलेली पदं वगळणं. हेल्प डेस्कवर खाती उघडणं-बंद करणं, पासवर्ड रीसेट, एमएफएच्या तक्रारी हे रोजचं असतं. वर्षभर ते केलेल्या माणसाला वरचा 4625चा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पेनटेस्टिंगच्या नवख्या जागा मात्र मोजक्याच, आणि थ्रेट हंटर किंवा सिक्युरिटी आर्किटेक्टच्या आधी कोणी ‘ज्युनियर’ लावलं असेल, तर तो अर्ज भरण्यात संध्याकाळ घालवू नका.