टीव्ही रोज ठरल्या वेळी बंद पडतो? आम्ही केल्या त्या चुका टाळा

कोपरखैरण्यातलं आमचं हॉस्टेल चार मजल्यांचं, आणि टीव्ही एकच, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. महिनाभर तो रोज रात्री दहा चाळीसला बंद पडत होता. मॅच असो, बातम्या असोत, दहा चाळीस झाले की पडदा काळा. मग तीनेक मिनिटं रिमोट कितीही दाबा, ढिम्म. त्यानंतर लाल दिवा लागायचा आणि टीव्ही शहाण्यासारखा सुरू व्हायचा.

आमच्याकडे माणसाला गावाच्या नावाने हाक मारतात. मालवणचं निदान होतं की टीव्ही तापतो, त्याला तीन मिनिटं विश्रांती लागते. सांगलीला खात्री होती की रेक्टर सरांनी कुठेतरी गुपचूप टायमर लावलाय. लातूर कृतीवर विश्वास ठेवणारा. त्याने सेटिंगमध्ये जाऊन थेट फॅक्टरी रिसेट मारला.

ही पहिली चूक. सगळ्या ॲपची लॉगिन उडाली, आणि दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला टीव्ही बंदच.

रिसेटआधी एक सोपी परीक्षा करायला हवी होती. टीव्ही स्वतःहून बंद होण्याची कारणं साधारण दोन जातींची असतात. स्लीप टायमर आणि 'बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही' म्हणून होणारं ऑटो पॉवर ऑफ, ही मोजणी एखाद्या क्षणापासून सुरू होते. ऑफ टायमर मात्र घड्याळाच्या वेळेवर चालतो. म्हणून एके रात्री टीव्ही मुद्दाम दहा वाजून पंचवीस मिनिटांनी लावायचा. तरीही दहा चाळीसलाच गेला, तर पहिली जात बाद. उरला ऑफ टायमर, तो मेनूत दिसतो आणि एका बटणात निघतो. आम्ही ही परीक्षा केली, पण रिसेटनंतर. टीव्ही पंधराच मिनिटं चालून बंद पडला. त्यामुळे मालवणची तापण्याची गोष्टही तिथेच संपली.

दुसरी चूक जास्त फसवी होती. बंद टीव्हीवर लाल दिवा दिसला की आपण म्हणतो, वीज तर येतेय, म्हणजे तो स्वतःच झोपला. आम्ही दिवा नेहमी तीन मिनिटांनी बघत होतो. पडदा जातो त्या क्षणी तो लागलेला असतो की नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं. त्या क्षणी सगळे ओरडत असायचे.

खरं तर दुसरा साक्षीदार समोरच होता, सेट टॉप बॉक्स. टीव्ही परत लागला की बॉक्सही रोज पहिल्यापासून सुरू होत होता, तेच कंपनीचं चिन्ह, तीच पुढे सरकणारी पट्टी. टीव्ही नुसता स्टँडबायला गेला असता तर बॉक्स आपला चालूच राहिला असता. दोघांचाही जीव एकदम जातोय, याचा अर्थ वीजच तुटतेय. आणि पंखा तर फिरतोय. म्हणजे वीज सॉकेट आणि टीव्ही यांच्या मधे कुठेतरी अडते.

मधे होता स्टॅबिलायझर. टीव्हीच्या कपाटामागे, धुळीने माखलेला, आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचने जुन्या टीव्हीसाठी आणलेला.

त्या रात्री आम्ही आवाज म्यूट केला आणि कपाटाजवळ बसलो. दहा चाळीसला हॉलमधली जुनी चोकवाली ट्यूब एकदा फडफडली, स्टॅबिलायझरमधून 'कट्' असा रिलेचा आवाज आला आणि टीव्ही गेला. लाल दिवासुद्धा नाही. स्टॅबिलायझरवर मात्र डिलेचा पिवळा दिवा. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की हा डबा पुढची वीज तोडतो आणि ती सावरल्यावर काही मिनिटं थांबून परत जोडतो. टीव्हीच्या 'विश्रांती'ची तीन मिनिटं ती हीच.

सांगली डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा. मल्टिमीटरच्या सळया सॉकेटमध्ये खुपसायला निघाला होता, त्याला आवरलं. सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टेज दाखवणारा छोटा प्लग मिळतो, तो आणला. झटका क्षणाचाच असतो, डोळ्याला आकडा पकडता येत नाही, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि मग एकेक फ्रेम पाहिली: २१४, मग १६८, मग २०५. म्हणजे काहीतरी मोठं सुरू होतंय आणि मग चालू राहतंय. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्याचाच हा ठसा.

इमारतीत मोटर एकच, खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारी. पण वॉचमन काका म्हणाले, "मी कुठं लावतो रे रात्री? ती आपली आपणच लागते."

हे ऐकून आम्ही पुन्हा अडकलो असतो. पण शनिवारी दुपारी पन्नास मिनिटं वीज गेली आणि त्या रात्री टीव्ही दहा चाळीसला गेलाच नाही. गेला साडेअकराला. बरोबर पन्नास मिनिटं उशिरा. टीव्हीतलं घड्याळ नेटवरून वेळ घेतं, ते असं मागे पडणार नाही. मागे पडतं ते विजेवर फिरणारं, बॅटरी नसलेलं घड्याळ.

काकांनी मीटर रूम उघडून दिली. मोटरच्या स्टार्टरशेजारी गोल तबकडीचा टाइम स्विच होता, कडेने बारीक पिना, एकेक पिन पंधरा मिनिटांची. मोबाइलवर आठ वाजले होते, तबकडीवर सात दहाच्या आसपास.

इथे तिसरी चूक होता होता राहिली. टीव्हीच्या पाठीवर 100-240V~ छापलंय, म्हणजे १६८ व्होल्टही त्याला चालतात. स्टॅबिलायझर काढून टाकला की प्रश्न मिटला, असं लातूरचं म्हणणं. टीव्हीपुरतं ते खरंही आहे. पण एका मोटरने सेहेचाळीस व्होल्ट पडावेत हे बरं लक्षण नाही. वाटेत कुठेतरी वायर बारीक आहे किंवा जोड ढिला. आणि ढिला जोड न्यूट्रलचा असला, तर थ्री फेज इमारतीत तो पूर्ण सुटल्यावर व्होल्टेज पडण्याऐवजी तीनशेच्या वरही चढू शकतं. तेव्हा हाच डबा वीज तोडून टीव्ही वाचवू शकतो. म्हणून तपासणी होईपर्यंत तो राहू दिला.

सरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी लायसनवाला वायरमन बोलावला. हॉल आणि मोटर एकाच मेन स्विचवरून गेले होते. त्याने मेन बंद करून झाकण काढलं, तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, जळका वास. वायरचं टोक कापून नवा लग बसवला, स्क्रू आवळला आणि तबकडी फिरवून वेळ लावून दिली.

त्या रात्री प्लगवर आकडे आले २१६, १९७, २१२. डब्याने 'कट्' केलं नाही. दहा चाळीसला ट्यूब किंचित दबते अजूनही, आणि लातूरचा हात सवयीने रिमोटकडे जातो.