चामड्याची बॅग घेताना : कड, दाणा, वास आणि पाण्याचा थेंब

जळगावच्या फुले मार्केटमध्ये ऑफिसची बॅग घ्यायला गेल्यावर ‘पूर्ण लेदर आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक दुकानात ऐकू येते. बरेचदा त्यात निम्मे सत्य असते, कारण पुढचे झाकण खऱ्या चामड्याचे आणि खांद्याचा पट्टा, तळ किंवा बाजू रेक्झिनच्या अशा मिश्र बॅगा बाजारात भरपूर असतात. म्हणून ‘बॅग खरी की खोटी’ असा एकच प्रश्न न धरता झाकण, अंग, बाजू आणि पट्टा हे भाग वेगवेगळे तपासावेत.

सुरुवात कडेपासून करावी, कारण चारही खुणांत हीच सर्वांत भरवशाची आहे. अडचण एवढीच, की बॅगेची कड बहुधा आत दुमडून शिवलेली किंवा रंगाचा जाड थर देऊन बुजवलेली असते. अशा वेळी पट्ट्यावरची बकलची छिद्रे पाहावीत. पट्टा वाकवून छिद्र थोडे ताणले आणि मोबाइलचा टॉर्च त्यावर धरला, की आतली भिंत दिसते. खऱ्या चामड्यात तिथे एकमेकांत गुंतलेले बारीक तंतू दिसतात आणि ते पृष्ठभागाकडे जाताना अधिक दाट होत जातात. रेक्झिनमध्ये मात्र थर स्पष्ट वेगळे दिसतात : वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, अनेकदा त्याखाली फोम आणि सर्वांत खाली विणलेले कापड. उभ्याआडव्या धाग्यांची वीण दिसली, तर बहुतेक वेळा वेगळा पुरावा लागत नाही. मात्र ते कापड मागून चिकटवलेले अस्तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे. छिद्रे नसतील तर झाकणाची खालची बाजू, आतल्या खिशाचे तोंड आणि चेनजवळची न दुमडलेली पट्टी पाहावी.

इथे दोन प्रकार फसवतात. चामड्याच्या खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप दिला, की कडेला तंतू खरेच दिसतात, पण त्यांच्यावर चकाकणारी एकसारखी पट्टी बसलेली असते. हे चामडेच असले तरी त्याचा वरचा मजबूत थर काढून घेतलेला असतो. दुसरा प्रकार चामड्याचा भुगा चिकटद्रव्याने जोडून केलेल्या पत्र्यांचा. त्याची कड भुसभुशीत दिसते, नखाने घासल्यास कण सुटतात आणि लांब तंतू ओढून निघत नाही.

त्यानंतर दाणा, म्हणजे पृष्ठभागावरची बारीक नक्षी, पाहावा. पृष्ठभागावरचा एखादा वेगळा ठिपका हेरून तसाच ठिपका काही बोटे पुढे पुन्हा येतो का, हे शोधावे. ठसा नियमित अंतराने आला, तर तो साच्याने उमटवलेला आहे. मात्र खऱ्या चामड्यावरही असा ठसा मारतात, त्यामुळे एवढ्यावरून नकली ठरवू नये. अंगठ्याने दाबून पाहणे अधिक उपयोगी : चामड्यावर दाबाभोवती बारीक, असमान सुरकुत्या पसरतात, तर रेक्झिन बहुधा एकसंध खोलगट होते.

वासाला मी सर्वांत कमी महत्त्व देते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगीर आणि लगाम विकणाऱ्यांकडे खऱ्या चामड्याचा जो दमदार वास येतो, तो ओळखीचा करून घ्यावा. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा वास तर आणखी वेगळा असतो. पण नकली मालावर चामड्याच्या वासाचा फवारा मारता येतो, आणि भुग्याच्या पत्र्याला तर मूळचाच तसा वास असतो. उलट, आतल्या खिशात नाक घालताच उग्र प्लॅस्टिकचा वास आला, तर संशय धरण्यास जागा आहे, मग तो वास अस्तराचाच नाही ना, हे पाहावे.

पाण्याचा थेंब दुकानदाराची परवानगी घेऊन, न दिसणाऱ्या जागी आणि बाहेरच्या पृष्ठभागावरच टाकावा. अस्तराचे कापड पाणी पितेच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. बोटाच्या टोकावरचा थेंब ठेवून दोन मिनिटे थांबावे. तो जिरला आणि तिथला रंग गडद झाला, तर चामडे लेपाविना आहे. थेंब तसाच राहिला तरी निष्कर्ष काढू नये, कारण रंगाचा जाड लेप दिलेले अस्सल चामडेही पाणी घेत नाही.

समजा, एका तपकिरी बॅगेच्या झाकणाखाली दाट तंतू दिसले आणि थेंब जिरला, पण पट्ट्याच्या छिद्रात पांढरा फोम व कापडाची वीण सापडली. झाकण अस्सल आहे. पट्टा नाही, आणि बॅगेचा सगळा भार पट्ट्यावरच येतो. तिथे वरचा पापुद्रा भेगाळून सुटू लागतो. अशी बॅग घ्यायचीच असेल, तर ‘दादा, पट्टा रेक्झिनचा आहे’ असे छिद्र दाखवून भाव ठरवावा, आणि कोणता भाग चामड्याचा व कोणता रेक्झिनचा, हे बिलावर लिहून घ्यावे.